चाळीसची केळी पन्नासला

मी केळ्यांचा भाव डझनाला चाळीसवरून पन्नास रुपये केला, मागणी शंभर डझनांवरून ऐंशी डझनांवर आणली, आणि चाळीस गुणिले शंभर किती आणि पन्नास गुणिले ऐंशी किती, हे करून बघितलं नाही. चूक एवढीच. चौथीतल्या पोरानं तोंडी केले असते असे हे दोन गुणाकार. मी साताऱ्यातल्या एका कॉलेजात बावीस वर्षं अर्थशास्त्र शिकवतोय. मला ते सुचले नाहीत.

पेपर काढायचं पत्र आलं तेव्हा मी खूश झालो होतो. पेपर काढणारा माणूस बाहेर कुणाला सांगू शकत नाही, पण चालण्यात फरक पडतोच. सोबत एक सूचनापत्रक होतं. उदाहरणं स्थानिक जीवनातली घ्यावीत, असं त्यात म्हटलेलं. आमच्या विषयात वर्षानुवर्षं ‘वस्तू क्ष’ची किंमत वाढते आणि ‘वस्तू य’ची मागणी घटते. या क्ष-यला मीही कंटाळलो होतो. म्हटलं, चला, केळी घेऊ. आपल्याकडचं फळ आहे, बारमाही आहे, आणि सोलायला सोपं आहे. शेवटचा मुद्दा अर्थशास्त्रात बसत नाही, पण मला तेव्हा तोही पटला होता.

मग आकडे. आकडे असे पाहिजेत की भागाकार सुटसुटीत झाला पाहिजे, नाहीतर पोरं अपूर्णांकात बुडून मरतात आणि त्यांची प्रेतं आपल्यालाच तपासावी लागतात. चाळीसवर दहा वाढले म्हणजे पंचवीस टक्के. शंभरातून वीस गेले म्हणजे वीस टक्के. वीस भागिले पंचवीस, शून्य पूर्णांक आठ. काय देखणं उत्तर! सोबत आदर्श उत्तर लिहून द्यायचं असतं. ते मी चहा निवायच्या आत लिहिलं. सूत्र: मागणीतील शेकडा बदल भागिले किमतीतील शेकडा बदल. एक गुण. आकडे भरणे: एक गुण. उत्तर ०.८: एक गुण. आणि अर्थ, म्हणजे या आकड्यातून काय समजायचं ते: ‘लवचीकता एकापेक्षा कमी आहे, म्हणून मागणी कमी लवचीक आहे. किंमत वाढल्यामुळे ग्राहकांचा एकूण खर्च वाढतो.’ एक गुण.

ते शेवटचं वाक्य बोटांना पाठ होतं, डोक्याची गरज पडली नाही. मागणी कमी लवचीक की लगेच ‘किंमत वाढली की एकूण खर्च वाढतो’. पुस्तकात तसंच आहे, गाइडातही तसंच, आणि मी दर वर्षी फळ्यावर तसंच लिहितो. आता त्या केळ्यांचा खर्च बघा. आधी चाळीस रुपयांनी शंभर डझन, म्हणजे चार हजार. नंतर पन्नास रुपयांनी ऐंशी डझन, म्हणजे चार हजार. दमडीही वाढलेली नाही. माझ्याच आकड्यांनी माझंच वाक्य खोटं पाडलं होतं, आणि ते माझ्या सहीनिशी मोहोरबंद पाकिटातून रवाना झालं.

त्याच पेपरात दुसरं गणित राष्ट्रीय उत्पन्नाचं होतं. ते मात्र बरोबर होतं, हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे सांगण्यासारखं काही चांगलं उरणार नाही.

मे महिन्यात तपासणीसाठी कराडला गेलो. एका कॉलेजच्या मोठ्या हॉलमध्ये सातारा-सांगलीचे पस्तीसेक परीक्षक. वर पंखे होते, पण ते हवा देण्याऐवजी कागद उडवत होते. पेपर काढणारा मीच, म्हणून नियामकही मीच. म्हणजे इतरांनी तपासलेल्यातले काही गठ्ठे परत बघायचे आणि कुणाला शंका आली तर निर्णय द्यायचा. मला एक वेगळं टेबल आणि पाण्याची वेगळी बाटली मिळाली. माणसाची अक्कल घालवायला इतकं पुरतं.

तो हॉल आठवला की अजून तोंड कडू होतं. दीर्घ उत्तरं कशी तपासतात? पान उलटायचं, किती पानं भरलीत ते बघायचं, खाली आकडा टाकायचा. शेजारच्या टेबलावरचे एक ज्येष्ठ सर तर वाचतच नसत, अंगठ्यानं जाडी मोजत. “आवं, बत्तीस वर्षं झाली,” ते म्हणाले, “वजनावर कळतंय मला, कुठलं पोरगं पास हाय ते.” सगळे हसले. मीही हसलो. एका तरुण सरांचं तर असं होतं की पोरानं उत्तरात ‘थोडक्यात’ असं लिहिलं की ते तिथंच थांबून अर्धा गुण द्यायचे. पुढं काय लिहिलंय ते बघायचेच नाहीत. पोराला घाई होती, यांना त्याहून घाई.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या गणितात तर शिसारीच यावी असा प्रकार झाला. स्थूल देशांतर्गत उत्पादन बाजारभावानं पाच हजार कोटी, घसारा चारशे, परदेशातून मिळणारं निव्वळ घटक उत्पन्न उणे शंभर, अप्रत्यक्ष कर सहाशे, अनुदान दोनशे. निव्वळ राष्ट्रीय उत्पादन घटक किमतीला काढा. घसारा वजा करायचा, परदेशी उत्पन्न मिळवायचं, कर वजा करायचे, अनुदान मिळवायचं. परदेशी उत्पन्न उणे आहे, म्हणजे आपल्याकडून बाहेर जाणारं जास्त आहे, तेव्हा मिळवताना ते शंभर वजाच होणार. उत्तर चार हजार शंभर कोटी.

एका केंद्राच्या गठ्ठ्यात सलग एकोणचाळीस पेपरांत उत्तर आलं चार हजार तीनशे. एकोणचाळीस जणांनी त्या शंभराचं उणे चिन्ह एकाच जागी गिळलं होतं. एकोणचाळीस जणांनी ‘घसारा’ हा शब्द ‘घासरा’ असा लिहिला होता. आणि अर्थ म्हणून सगळ्यांनी एकच वाक्य लिहिलं होतं: ‘म्हणून आपला देश प्रगतीपथावर आहे.’ कोणत्या देशाचे आकडे आहेत हे पेपरात दिलंच नव्हतं. पण सगळे मिळून एकदम देशभक्त झाले होते.

मी काय निर्णय दिला? सूत्र बरोबर आहे, एक द्या. बाकी आकडे जागेवर आहेत, एक द्या. उत्तराला शून्य. अर्थ लिहिलाय ना, द्या एक. चारपैकी तीन. सामूहिक कॉपीचा अहवाल करायचा म्हणजे आणखी दोन दिवस थांबायचं, चौकशीला जायचं, आणि माझं साताऱ्याला परतायचं ठरलं होतं. गठ्ठ्याच्या दोरीला गाठ मारताना मला स्वतःच्या बोटांची किळस आली होती, पण गाठ मी घट्ट मारली.

दुसऱ्या दिवशी दुपारी लोणंदहून येणाऱ्या एक मॅडम टेबलापाशी आल्या. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या, म्हणजे जितके तास घेतले तितकेच पैसे, आणि पुढच्या वर्षी बोलावतील की नाही याची शाश्वती नाही. त्यांच्या हातात एक उत्तरपत्रिका उघडी होती.

“सर, या मुलीनं केळ्यांच्या गणितात दोन उत्तरं लिहिलीत. आधी शून्य पूर्णांक आठ काढलंय. मग एकूण खर्च काढलाय आणि शेवटी एक लिहिलंय. खर्च तेवढाच राहतो म्हणतेय.”

“आदर्श उत्तर काय आहे?”

“शून्य पूर्णांक आठ. खर्च वाढतो.”

“मग झालं. दोन उत्तरं असली की शेवटचं धरायचं. शेवटचं चुकलंय. उत्तराला शून्य, अर्थाला शून्य.”

“पण सर, तिचं म्हणणं एकदा बघता का? मला वाटतं तिचा हिशोब...”

“मॅडम,” मी पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत म्हटलं, “प्रत्येकाचं म्हणणं बघत बसलो तर आपण दिवाळी कराडलाच करू.”

त्या गेल्या. मी त्या पानाकडे बघितलंसुद्धा नाही.

निकाल लागला. चार-पाच दिवसांनी आमच्या विभागात एक मुलगी आली. आमच्याच कॉलेजची, रहिमतपूरहून रोज येणारी. वडिलांचा तिथल्या बाजारात केळ्यांचा धंदा. वर्गात कायम मागच्या बाकावर, कारण सकाळी वडिलांसोबत माल उतरवून येईपर्यंत पुढचे बाक भरलेले असत. ती फार बोलायची नाही. लिहायचीही कमी. चार ओळींत उत्तर संपवायची, आणि वजनावर तपासणाऱ्यांच्या जगात ही फार महागडी सवय आहे.

“सर, सही पाहिजे. पुनर्मूल्यांकनाच्या अर्जावर विषयशिक्षकाची शिफारस लागते.”

“किती कमी पडलेत?”

“दोन. चाळीसपैकी चौदा आहेत, सोळाला पास. एवढा एकच विषय राहिलाय. ग्रेसचे गुण मागे इंग्रजीत वापरले. बीएडला पहिल्या यादीत साताऱ्याचंच कॉलेज मिळालंय, पण पदवी पास झाल्याचं गुणपत्रक दिलं तरच जागा राहते.”

तिनं उत्तरपत्रिकेची झेरॉक्स टेबलावर ठेवली. वरून मला सूत्र दिसलं. मग ०.८. मग त्याखाली लाल शाईचा काट, आणि काटाखाली तिचं अक्षर. मला लोणंदच्या मॅडम आठवल्या. पेपर मी काढला होता हे तिला माहीत असायचं कारण नव्हतं. तपासणीचा निर्णय माझा होता हेही नाही. आणि मी, विद्वान माणूस, त्या अंधाराचा फायदा घ्यायला लागलो.

“अगं, इथं तू गडबड केलीस,” मी म्हणालो. “शून्य पूर्णांक आठ आलं होतं ना? एकापेक्षा कमी म्हणजे कमी लवचीक. कमी लवचीक म्हणजे भाव वाढला की खर्च वाढतो. सरळ नियम आहे.”

“पण सर, वाढत नाही.”

“नियमानं वाढतो.”

“नियमानं वाढत असेल. केळ्यांचा वाढत नाही.” तिनं माझ्याच टेबलावरची पेन्सिल उचलली. “चाळीसनं शंभर डझन गेली तर अब्बांकडे चार हजार येतात. पन्नासनं ऐंशी गेली तर चार हजारच येतात. भाव वाढवून गल्ला तेवढाच राहिला. आमच्याकडे हे रोज बघतात सर, भाव वाढवावा की नको ते. मागणी कमी लवचीक असती तर गल्ल्यात जास्त आले असते.”

“मग शून्य पूर्णांक आठ चुकलं म्हणतेस?”

“चुकलं नाही. पण ते चढतानाचं आहे. उतरताना करून बघा. पन्नासवरून चाळीसला आला, म्हणजे वीस टक्के. ऐंशीवरून शंभर झाली, म्हणजे पंचवीस टक्के. आता सव्वा येतं. तीच केळी, तेच दोन भाव. वर जाताना कमी लवचीक आणि खाली येताना जास्त लवचीक, असं कसं चालेल? म्हणून मी दोन्हींचा मध्य घेतला. किमतीचा पंचेचाळीस, मागणीचा नव्वद. वीस भागिले नव्वद, आणि दहा भागिले पंचेचाळीस. दोन्ही सारखेच. उत्तर एक. खर्चाशी जुळलं.”

हे सगळं तिच्या उत्तरपत्रिकेत होतं, सहा ओळींत. शेवटची ओळ अशी: ‘बदल मोठा असल्याने पाया कोणता घेतो यावर उत्तर बदलते. मध्यबिंदू घेतल्यास मागणी एकक लवचीक आहे व एकूण खर्च स्थिर आहे.’ बावीस वर्षांत कुठल्याही वर्गात मी इतकं स्वच्छ सांगितलं नव्हतं. मध्यबिंदूची पद्धत मी दर वर्षी ‘परीक्षेला येत नाही’ म्हणून सोडून देतो. तिनं ती कुठून वाचली, देव जाणे.

खाली राष्ट्रीय उत्पन्नाचं गणित होतं. चार हजार शंभर, बरोबर. पण सूत्र न लिहिता थेट आकडे मांडलेले, म्हणून एक गुण गेलेला. चारपैकी तीन. ‘घासरा’वाल्या देशभक्तांनाही तीनच. चूक उतरवून घेतली तरी तीन, आणि बरोबर केलं तरी तीन. ही वाटणी माझीच.

“कान दुखतायत का सर?” तिनं विचारलं. मी दोन्ही कान चोळत होतो.

“उकडतंय,” मी म्हणालो आणि सही केली. शिफारशीच्या रकान्यात लिहिलं: ‘विद्यार्थिनी होतकरू आहे. योग्य तो विचार व्हावा.’ याहून पुळचट वाक्य मराठीत कुणी लिहिलं असेल तर मला दाखवा.

ती गेल्यावर मला कळलं की ही सही कागदावरच्या शाईच्या किमतीचीही नाही. दुसरा परीक्षकही माझंच आदर्श उत्तर समोर ठेवून तपासणार. तिथं ०.८ आणि ‘खर्च वाढतो’ लिहिलेलं आहे तोपर्यंत तिला पुन्हा चौदाच पडणार. ते उत्तर बदलायचं तर पेपर काढणाऱ्यानं लेखी चूक कबूल करायची. पेपर काढणारा म्हणजे मी. आणि एकदा कबूल केलं की पुन्हा पेपर काढायचं पत्र येणार नाही, वेगळं टेबल नाही, बाटली नाही.

मी पत्र लिहायला बसलो आणि जे लिहिलं त्याची आजही मला घाण वाटते. त्यात म्हटलं होतं की प्रश्नाचं एक पर्यायी उत्तर संभवतं, ‘परंतु संबंधित परीक्षकाने शंका वेळीच निदर्शनास न आणल्यामुळे’ ते विचारात घेता आलं नाही. संबंधित परीक्षक म्हणजे लोणंदच्या मॅडम, कंसात त्यांचं नावही होतं. ज्या दोन पावलांवर उभ्या राहून निदर्शनास आणत होत्या, त्या. कॉपी बहाद्दरांना मी तीन गुण दिले आणि प्रामाणिक बाईच्या नावानं खोटं लिहिलं. एवढं करून पत्राची भाषा मला फार संयत वाटली, म्हणून दोनदा वाचली.

पत्र घेऊन सांगलीला गेलो. आमच्या विषयाच्या मंडळाच्या अध्यक्ष बाई तिथं राहतात. आम्ही त्यांच्या हाताखाली शिकलो, आणि साठीच्या उंबरठ्यावरही त्या आम्हाला पहिल्या बाकावरच्या पोरांसारखंच वागवतात. परीक्षा विभागाकडे असलं पत्र त्यांच्या शिफारशीनंच जातं. दुपारची वेळ होती. त्यांनी पत्र वाचलं, चष्मा काढला, परत लावला आणि परत वाचलं.

“हे गणित तू काढलंस?”

“हो, बाई.”

“गुणाकार केला होतास?”

“नाही.”

“का?”

“आकडे सोपे होते, म्हणून.”

त्यांनी मान हलवली, मुंबईच्या भावात फसलेल्या गिऱ्हाइकाकडे बघावं तशी. “आता हे परीक्षकाचं. तिनं तुला खरंच विचारलं नव्हतं?”

मी खिशातलं पेन काढून परत खिशात ठेवलं.

“विचारलं होतं की नाही, सांग की.”

“विचारलं होतं. मी बघितलं नाही.”

“म्हणजे तुझी चूक, तुझाच हट्ट, आणि गळा तिचा.” त्यांनी पत्र दोन्ही बाजूंनी धरून शांतपणे फाडलं. आवाज फार झाला नाही, पण मला झाला. “तासिकेवरची बाई हाय ती. असलं पत्र गेलं की उद्या तिला कुणी वर्गात उभं करणार नाही. तुझ्या पगाराला काय होणार आहे? सूत्र लिहून देऊ का तुला? कागद घे. पहिली ओळ ‘मी’पासून सुरू कर.”

मी लिहिलं. मी पेपर काढला. मी दिलेलं आदर्श उत्तर या आकड्यांना लागू पडत नाही, कारण शेकडेवारीनं लवचीकता ०.८ येते पण एकूण खर्च तेवढाच राहतो. ०.८ लिहिणाऱ्याला उत्तराचा गुण द्यावा, मध्यबिंदूनं एक लिहिणाऱ्यालाही द्यावा. अर्थ लिहिताना ज्यांनी खर्च स्थिर म्हटलाय ते बरोबर आहेत. परीक्षकानं ही शंका मला तपासणीतच सांगितली होती आणि मी ती फेटाळली. शेवटच्या वाक्याशी पेन अडलं, तेव्हा बाई म्हणाल्या, “शाई संपली असंल तर दुसरं पेन देते.”

‘घासरा’ गठ्ठ्याचंही त्यांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, “ते आता उपसता येणार नाही. पुढच्या वेळी तू नियामक नसशील, तेवढंच बरं.” कॉपी केलेले एकोणचाळीस जण त्या गणितातले तीन-तीन गुण घेऊन पुढे निघून गेले होते. त्यांतल्या कुणालाही माझ्या सहीची गरज पडली नाही.

परीक्षा विभागात पत्राला पाय फुटायला वेळ लागला. मी तीन वेळा जाऊन आलो. एका खिडकीतून दुसरीकडे पाठवत, दुसऱ्या खिडकीतले साहेब जेवायला गेलेले असत, आणि जेवून आले की त्यांना वाटे हा परीक्षार्थीचा बाप आहे. “मुलीला सांगा, धीर धर म्हणून,” एक जण म्हणाला. पहिल्या यादीची मुदत संपली तेव्हा तिचे गुण चौदाच होते. साताऱ्याची जागा गेली. चार दिवसांनी सुधारित गुणपत्रक आलं. सोळा. उत्तराचा एक, अर्थाचा एक. पास.

दुसऱ्या यादीत तिला सांगलीचं कॉलेज मिळालं. रहिमतपूरहून सकाळची गाडी धरायची आणि संध्याकाळी परत यायचं, रोज, दोन वर्षं. माल उतरवायला मदत करणं बंद. ती विभागात सांगायला आली तेव्हा पेढे घेऊन आली नव्हती, हे मला बरं वाटलं. पेढा माझ्या घशाखाली उतरला नसता.

मी दार लोटलं आणि तिला सगळं सांगितलं. पेपर माझा, आदर्श उत्तर माझं, कराडला ‘कापा’ म्हणणारा मीच, पहिल्या पत्रात दुसऱ्याच बाईंना पुढे करणाराही मीच. बोलताना मी तिच्याकडे न बघता टेबलाच्या कडेचा सुटलेला सनमायका नखानं दाबत होतो.

“पेपर तुमचा, हे माहीत होतं,” ती म्हणाली.

“कसं?”

“झेरॉक्स दाखवली तेव्हा तुम्ही प्रश्नपत्रिका मागितलीच नाहीत. थेट उत्तरावर आलात. आकडे तुम्हाला पाठ होते.”

“मग तू तेव्हाच का नाही बोललीस?”

“सही पाहिजे होती.”

तिनं ओढणी सारखी केली, पिशवी खांद्याला लावली. दारापाशी जाऊन थांबली.

“मी घरी सांगितलं अब्बांना. म्हटलं, आमचे सर असे असे आहेत.”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, सर बाजारात आले तर त्यांना चहा पाज, बसायला खुर्ची दे. पन गल्ल्यावर बसवू नगंस.”